लाल ठिपका विझवायच्या आधी: लेझरचा खेळ मांजराच्या पंजात कसा संपवायचा

पहिलं लेझर मी स्टेशनबाहेरच्या पथारीवरून घेतलं. छत्रीची काडी बदलून घ्यायला थांबले होते आणि शेजारचा पोरगा किचेनमधल्या लेझरचा लाल ठिपका ओल्या फुटपाथवर नाचवत होता. घरी आमची मिसळ होती, वय सव्वा वर्ष, अंगावर तीन रंग म्हणून नाव मिसळ. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, वन बीएचकेत ती दिवसभर कंटाळलेली. त्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून वीस मिनिटं नुसता अंगठा आणि मनगट हलवलं, आणि ती हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत धापा टाकेस्तोवर पळाली. मग मी बटण सोडलं. ठिपका गेला. मी पुस्तक उघडलं, आणि मिसळ सोफ्याखाली, दाराच्या फटीशी, चपलांच्या स्टँडमागे तो शोधत राहिली. तेव्हा मला ते गंमतीचंच वाटलं.

महिनाभर हा कार्यक्रम रोज चालला. श्रावणात एका सकाळी ऊन पडलं, माझ्या घड्याळाच्या काचेचा कवडसा ओट्यामागच्या टाइल्सवर पडला आणि मिसळ थेट गॅसवरून उडाली. दुधाचं पातेलं खाली. आई म्हणाली, "अगं, हिला भिंतीत काय दिसतं गं? कालपण ताटाच्या चकाकीमागे अशीच धावली." त्याच सुमाराला रात्री अकराला माझ्या घोट्यांवर हल्ले सुरू झाले. किल्ल्या वाजल्या तरी ती जमिनीकडे बघायची.

लेझर वाईटच असतं असं मला म्हणायचं नाही. माझी मावशी गिरगावात तेच वापरते आणि तिच्या बोक्याला काही त्रास नाही. फरक खेळ संपवण्यात आहे, म्हणून हा लेख मुख्यतः शेवटच्या आठ-दहा मिनिटांबद्दल आहे.

ठिपक्यात नेमकं काय कमी पडतं

मांजराची शिकार ठरलेल्या क्रमाने चालते. टक लावून बघणं, दबा धरणं, धाव, झेप, पंजात पकडणं, मानेचा चावा, खाणं, मग अंग चाटून झोप. लेझर यातला झेपेपर्यंतचा भाग उत्तम करून घेतं, कारण लहानशी वस्तू झपकन सरकली की मांजराला राहवतच नाही. पुढचं सगळं मात्र गायब असतं.

हे त्याला किती खटकत असेल ते त्याच्या डोळ्यांवरून समजतं. नाकासमोरच्या साधारण वीतभर अंतरातलं मांजराला स्पष्ट दिसत नाही. म्हणून झेप घेताना त्याच्या मिशा पंख्यासारख्या पुढे येतात. पुढच्या पायांच्या मागच्या बाजूला, मनगटाशी, आणखी चार-पाच राठ केस असतात, तेही याच कामाचे. शिकार हाती लागली की नाही हे शेवटच्या क्षणी मांजर स्पर्शानेच ओळखतं. ठिपक्यावर पंजा ठेवला तर खाली फक्त गार फरशी लागते आणि ठिपका पंजाच्या वर दिसतो. मिसळ पंजा उचलून त्याचा तळवा बघायची ती म्हणूनच.

लेझर जितकं जास्त वापरलं जातं, तितके कवडशांमागे किंवा सावल्यांमागे धावणं, उजेडाकडे टक लावून बसणं, एकाच खेळण्याचा ध्यास घेणं हे प्रकार पालकांना जास्त दिसतात, असं 2021 साली प्रसिद्ध झालेल्या सहाशेहून अधिक मांजरपालकांच्या एका ऑनलाइन पाहणीत आढळलं. ही पालकांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत, त्यामुळे लेझरमुळेच हे होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. मुळात अशा वेडाकडे झुकणाऱ्या मांजरांच्याच घरी लेझर जास्त वापरलं जात असेल, हेही शक्य आहे. पण सोफ्याखाली शोधत बसलेली मिसळ आठवली की मी सावध राहणंच पसंत करते.

काय काय लागेल

आधी लेझर. लाल उजेडाचं, 1 मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचं, म्हणजे ज्यावर क्लास 2 असं छापलेलं असतं ते. पथारीवरच्या बऱ्याच किचेनवर काहीच छापलेलं नसतं आणि आतली शक्ती कळायला मार्ग नसतो. माझंही तसंच होतं, ते मी टाकून दिलं. हिरवी लेझर या कामाला अजिबात नकोत. शिकारीच्या ऐन रंगात मांजराच्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात, त्यामुळे डोळ्यात उजेड जास्त शिरतो. ठिपका चेहऱ्यावर जाऊ द्यायचा नाहीच, शिवाय कपाटाचा आरसा, स्टीलचा डबा, चकचकीत टाइल यांच्यावरही नको, कारण किरण तिथून उलटा येतो.

दुसरं, दांडीचं खेळणं. हिराच्या केरसुणीच्या पाच-सहा काड्या दोऱ्याने घट्ट बांधल्या की दांडी झाली. तिला हातभर सुती नाडी बांधायची, पायजम्यात घालतो तीच. टोकाला बोटाएवढी, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटरची जुन्या कापडाची गुंडाळी. उंदराएवढी वस्तू मांजराला शिकार वाटते, मोठा टेडी वाटत नाही. टोकाला मणी, टिकली, घुंगरू लावू नका, ते गिळलं जातं.

तिसरं, लाथाळण्यासाठी एक जाडसर मोजा. जुना सुती मोजा चिंध्यांनी भरून तोंड शिवून टाकायचं, लांबी वीतभर. सुकटीचा वास लावला तर मांजर खूश होतं, पण मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्याला मुंग्यांची रांग लागते. मी तो नाद सोडला.

शेवटी सतरंजी. गुळगुळीत टाइलवर वळताना मांजराचे मागचे पाय घसरतात, आणि सतरंजीचा आणखी एक उपयोग आहे तो पुढे येतोच.

वेळ आणि जागा

जेवणाच्या आधी खेळा. भुकेलं मांजर खेळण्यांशी जास्त जोमाने खेळतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि खेळानंतर लगेच वाटी समोर आली की शिकारीचा क्रमही पुरा होतो. मावशीकडे रात्री पावणेआठची वेळ ठरलेली आहे.

बाल्कनीचं दार आणि खिडकी बंद हवी. ग्रिलच्या फटीतून मांजर आरामात बाहेर जातं, आणि धावण्याच्या भरात त्याला सातवा मजला दिसत नाही. जाळी लावलेली असली तरी ठिपका खिडकीकडे न्यायचा नाही, इतका नियम मी पाळतेच.

पायरी पहिली: ठिपका पळवा, पण थोडाच

मावशीचा बोका गोट्या साडेसहा किलोचा आहे, सहा वर्षांचा, उठायचा आळशी. मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे दांडी घेऊन घरभर फिरणं तिला जमत नाही. लेझर तिला त्यासाठीच हवं असतं, गोट्याला जागेवरून हलवायला. खुर्चीत बसून ती दोन ते तीन मिनिटं ठिपका फिरवते, त्याहून जास्त नाही.

ठिपका फिरवताना झुरळ किंवा उंदीर कसा जाईल ते डोळ्यांपुढे आणा. तो भिंतीच्या कडेने जातो, मध्ये थांबतो, पुन्हा सरकतो आणि मांजरापासून लांब पळतो. कुठलाही उंदीर मांजराच्या अंगावर धावून येत नाही. थांबणं महत्त्वाचं, कारण दबा धरायला वेळ तिथेच मिळतो. बूड हलायला लागलं की झेप येणार, तेव्हाच ठिपका सरकवा. गोल गोल फिरवू नका, आणि भिंतीवर उंच चढवू नका. साडेसहा किलोचं मांजर भिंतीवरून टाइलवर आपटलं की लंगडतं.

पायरी दुसरी: बिळाची युक्ती

सगळं या दहा सेकंदांवर अवलंबून आहे, आणि बहुतेक जणांचं इथेच चुकतं. नेहमीचा सल्ला असा असतो की शेवटी ठिपका एखाद्या खेळण्यावर नेऊन विझवा. मी ते आठवडाभर केलं. मिसळ खेळण्याचा वास घ्यायची, त्याला ओलांडून जायची आणि पुन्हा माझ्या हाताकडे बघायची. तिची शिकार पळत होती, आणि समोर पडलेलं कापड तर मघापासून तिथेच होतं. ते शिकार आहे असं तिने का मानावं?

म्हणून खेळण्याने स्वतः हललं पाहिजे, आणि शिकार जिथे नाहीशी झाली तिथूनच बाहेर आलं पाहिजे. सतरंजीची कड थोडी उचलून तिथे बीळ करा. खेळ सुरू व्हायच्या आधीच कापडाची गुंडाळी त्या कडेखाली लपवून ठेवा आणि दांडी डाव्या हाताशी असू द्या. उजव्या हातातला ठिपका आता हळू करा. दमलेल्या उंदरासारखा तो दोनदा थांबत थांबत सतरंजीकडे न्या. कडेखाली शिरला की बटण सोडा. मनात "एक" म्हणा आणि दांडी ओढा, म्हणजे सतरंजीखालून खरवडल्याचा आवाज येईल आणि गुंडाळी दुसऱ्या बाजूने बाहेर सरकेल.

आवाज मोठं काम करतो. ठिपका मुका असतो. सतरंजीखाली काहीतरी खरवडलं की मांजराचे कान पुढे येतात आणि डोळे तुमच्या हातावरून निघून सतरंजीवर जातात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गोट्या दोन सेकंद तसाच थिजला, मग दोन्ही पंजे सतरंजीवर आपटले. मावशी खुर्चीतून ओरडली, "अगो, हा तर खराच उंदीर समजला!"

यानंतर लेझर लगेच ड्रॉवरमध्ये. "अजून एकदा" म्हणून ठिपका पुन्हा दाखवला तर खेळण्याची किंमत शून्य होते.

पायरी तिसरी: पकडू द्या

पुढची पाच-सहा मिनिटं दांडीची. मावशी बसल्याजागी खेळणं ओढते, खुर्चीच्या पायामागे लपवते, बाहेर काढते. प्रत्येक दोन-तीन झेपांमागे एकदा तरी खेळणं पंजात गेलंच पाहिजे. सापडलं की नाडी सैल सोडा आणि पाच-दहा सेकंद थांबा. नवशिके इथे खेळणं हिसकावतात, कारण खेचाखेचीत त्यांना मजा येते. मांजराच्या लेखी मात्र हातात आलेलं पुन्हा गेलं, म्हणजे लेझरच झालं की ते.

हळूहळू शिकारीला दमवा. धावा आखूड होतात, मधले थांबे लांबतात, शेवटी एका कुशीवर पडून नुसती फडफड. वेगात चाललेला खेळ एकदम तोडला तर मांजर तापलेलंच राहतं आणि पुढची शिकार तुमचा घोटा असतो.

शेवटची पकड पक्की झाली की मोजा त्याच्या पोटाशी सरकवा आणि नाडीचं खेळणं अलगद काढून घ्या. मोजा त्याच्याकडेच राहू दे.

पायरी चौथी: वाटी

मोजा सोडला की मिनिटभरात जेवण. वेगळा खाऊ नको, रात्रीच्या जेवणातलाच वाटा. गोट्या मुळातच जाडा आहे, त्याला खेळाचं बक्षीस म्हणून जादा दिलं तर खेळून काय उपयोग? मावशी त्याच्या ओल्या खाण्याचे दोन चमचे आधी वाटीत घालते आणि उरलेलं अर्ध्या तासाने.

जमलं की नाही, कसं कळेल

जमलं असेल तर मांजर खेळणं दोन्ही पंजांनी कवटाळतं, कुशीवर लोळतं, मागच्या पायांनी लाथा मारतं, चावतं. काही मांजरं ते तोंडात धरून कोपऱ्यात नेतात आणि जवळ गेलं की गुरगुरतात. खाऊन झाल्यावर तोंड धुणं, पंजा चाटणं, आणि वीसेक मिनिटांत झोप.

जमलं नसेल तर खेळणं दोन सेकंदांत सुटतं आणि नजर पुन्हा फरशीवर किंवा तुमच्या मुठीवर जाते. खेळानंतर मांजर ठिपका विझला त्याच जागी जाऊन बसतं, कोपरे हुंगतं, म्याव म्याव करत फिरतं. असं लागोपाठ तीन-चार दिवस दिसलं तर लेझरचा भाग एका मिनिटावर आणा किंवा पूर्ण बंद करा.

तोंड उघडं टाकून धापा टाकणं हे दमल्याचं कौतुक समजू नका. कुत्र्यांमध्ये ते नेहमीचं, मांजरात नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर खेळ तिथेच थांबवा. पाच-दहा मिनिटांत श्वास शांत झाला नाही, किंवा थोड्याशा खेळाने रोज असं व्हायला लागलं, तर व्हेटकडून हृदय तपासून घ्या.

वेड लागलेल्या मांजराचं काय

मिसळला वरच्या पायऱ्या लागू पडल्या नाहीत, कारण ती आधीच कवडशांमागे लागलेली होती. अशा मांजराला लेझर पूर्ण बंद. मी घड्याळ बदलून पट्ट्याचं साधं घेतलं आणि सकाळच्या उन्हाच्या वेळी ओट्याजवळचा पडदा ओढायला लागले. लेझरच्या किल्ल्यांचा जुडगाही बदलला, कारण त्याच्या आवाजावरच ती जमीन शोधायला लागायची.

खेळ रोज तीन वेळा, पाच-पाच मिनिटं, फक्त दांडीचा. पहिले तीन दिवस तिने खेळण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चौथ्या दिवशी कापडाच्या गुंडाळीभोवती जाड खाकी कागद गुंडाळून सतरंजीखालून ओढला, आणि त्या चुरचुर आवाजावर ती आली. (हा कागद फाटायला लागला की लगेच काढायचा, तुकडे गिळतात.) कवडशाकडे बघत बसली की ओरडायचं नाही, उचलायचंही नाही. लांबूनच सतरंजीखाली खरवडायचं आणि ती वळली की शिकार पळवायची. टक लागून दोन-चार सेकंदच झालेले असतात तेव्हा हे सोपं जातं. एकदा का अंग ताठ होऊन बाहुल्या मोठ्या झाल्या, की तिला काही ऐकू येत नाही.

नवव्या दिवशी शेजारच्या इमारतीच्या काचेवरून उन्हाचा एक मोठा तुकडा छतावर आला. मिसळने मान वर केली, त्याच्यासोबत डोळे फिरवले आणि परत पाय चाटायला लागली. तिसऱ्या आठवड्यात घोट्यांवरचे हल्ले थांबले. लेझर मी तिच्यासाठी पुन्हा आणलं नाही.

सगळ्यांचं इतक्यात सुटतंच असं नाही. खाण्याने किंवा आवाजाने लक्ष वळत नसेल, दिवसाकाठी तासन् तास सावल्यांमागे जात असतील, शेपटी चावून किंवा चाटून केस उडाले असतील, तर खेळणी बदलत बसू नका, व्हेटकडे जा. पाठीची कातडी थरथरणं आणि शेपटीमागे धावणं यांच्या मुळाशी कधी कधी दुखणं किंवा त्वचेचा आजारही असतो. जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मांजर टेबलावर पोत्यासारखं बसून राहतं आणि घरी काय करतं ते तिथे दिसत नाही.

नाडी कुठे ठेवायची

खेळ संपला की दांडी आणि नाडी कपाटात, दार लावून. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही, तो आतच जातो आणि आतडी कापू शकतो. शिवणाचा दोरा, राखीचा रेशमी गोंडा, संक्रांतीला गच्चीवरून घरात आलेला मांजा, सगळं यातच आलं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका, तसंच थेट डॉक्टरकडे न्या. मोजा मात्र बाहेर राहू दे. गोट्याचा मोजा मावशीच्या उशीशी असतो, रात्री तीनला त्याला तो लागतो.